चौथा एक्झॉन ठेवायचा की गाळायचा?

कॅल्सिटोनिन हे रक्तातलं कॅल्शियम उतरवणारं थायरॉईडचं हार्मोन. त्याच्याच जनुकातून चेतापेशींत सीजीआरपी नावाचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बनतं. या जनुकाबद्दल गेल्या वेळी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या. पत्रं आली ती नेमकी त्या दोन ओळींवरच. त्यातले निवडक प्रश्न आज घेतो.

बारावीला मी ‘एक जनुक, एक पॉलिपेप्टाइड’ असं शिकवते. तुम्ही लिहिलंत की थायरॉईडमधलं कॅल्सिटोनिन आणि चेतापेशींतलं सीजीआरपी एकाच जनुकातून येतात. मुलांनी विचारलं, मेंदूत ते जनुक बदलतं का? काय सांगू?
*– जीवशास्त्राच्या शिक्षिका, म्हापसा*

बदलत नाही, असं ठामपणे सांगा. थायरॉईडच्या पेशीतला आणि चेतापेशीतला डीएनए शेजारी शेजारी ठेवून वाचला, तर या जागी एका अक्षराचाही फरक सापडणार नाही. फरक पडतो तो त्यावरून काढलेल्या आरएनएच्या नकलेत.

हे जनुक माणसात अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर असतं. नाव कॅल्का. त्यात सहा एक्झॉन आहेत, म्हणजे शेवटच्या संदेशात राहू शकतील असे सहा तुकडे, आणि त्यांच्या मधेमधे इंट्रॉन, जे कापून टाकले जातात. पेशी आधी या सगळ्याची सलग आरएनए नक्कल काढते, मग इंट्रॉन काढून एक्झॉन एकमेकांना जोडते. या कापाकापीला आणि जोडाजोडीला स्प्लायसिंग म्हणतात. इथवर दोन्ही पेशींचं सारखंच चालतं.

थायरॉईडमध्ये सी-पेशी नावाच्या पेशी असतात. तिथे पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा एक्झॉन जोडले जातात आणि संदेश तिथेच संपतो, कारण ‘इथे तोडा आणि शेपूट लावा’ अशी खूण चौथ्या एक्झॉनच्या टोकालाच आहे. चेतापेशीत तिसरा एक्झॉन थेट पाचव्याला जोडला जातो. चौथा त्याच्या दोन्ही बाजूंच्या इंट्रॉनसकट बाहेर जातो, आणि त्याच्याबरोबर ती शेपटीची खूणही जाते. मग संदेश सहाव्या एक्झॉनपर्यंत लांबतो आणि तिथली दुसरी खूण वापरली जाते.

पहिल्या एक्झॉनमध्ये प्रथिनाचा मजकूर नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात जो आहे त्यातून दोन्ही प्रथिनांची सुरुवातीची सुमारे ७५ अमिनो आम्लं येतात, अगदी सारखी. पुढे वाटा फुटतात. सी-पेशीत १४१ अमिनो आम्लांचं पूर्वप्रथिन तयार होतं, चेतापेशीत १२८चं. त्यातूनही एन्झाइम ठरावीक ठिकाणी कापतात, आणि शेवटी हाती येतं ३२ अमिनो आम्लांचं कॅल्सिटोनिन किंवा ३७चं सीजीआरपी. गंमत अशी की जो भाग दोघांत सामाईक होता त्यातलं एकही अमिनो आम्ल या शेवटच्या पेप्टाइडांत उरत नाही. सामाईक भागाचं काम प्रथिनाला पेशीबाहेर जाणाऱ्या वाटेवर नेऊन सोडायचं. प्रत्यक्ष हार्मोन चौथ्या एक्झॉनमधून येतं, नाहीतर पाचव्यातून.

वर्गात सांगायला जत्रेतल्या नाटकाचं उदाहरण चालेल. संहिता एकच, पण एका गावात चौथ्या प्रवेशावर पडदा पडतो आणि दुसऱ्या गावात चौथा गाळून पाचवा-सहावा करतात. फक्त मुलांना बजावा, की इथे दिग्दर्शक कुणी नाही. तो मुद्दा खाली मडगावच्या प्रश्नात येतोच.

तुमच्या वाक्याचं मूळ बीडल आणि टॅटम यांच्या १९४१ च्या पावावरच्या बुरशीच्या प्रयोगांत आहे. त्यांचं म्हणणं एन्झाइमांपुरतं होतं, आणि त्या बुरशीत ते चाललंही. परीक्षेत पुस्तकात आहे तेच लिहायला सांगा. बाकीचं तास संपल्यावर.

सीजीआरपी आधी मेंदूत सापडलं आणि मागाहून त्याचं जनुक शोधलं, असाच क्रम असणार ना?
*– रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, फोंडा*

बरोबर उलटा. या पेप्टाइडचा मजकूर आधी कागदावर उतरला, आणि मग ते शरीरात कुठे आहे याचा शोध सुरू झाला. तोवर ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

जनुकाच्या मधले तुकडे गाळले जातात, हे शार्प आणि रॉबर्ट्स यांनी अ‍ॅडेनोव्हायरसमध्ये १९७७ साली दाखवलं होतं. १९९३चं नोबेल त्यालाच. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत मायकेल रोझेनफेल्ड, रोनाल्ड एव्हन्स, सुझन अमारा आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या थायरॉईडमधल्या एका गाठीवर काम करत होते. ही गाठ सी-पेशींची असल्यामुळे भरपूर कॅल्सिटोनिन सोडते. एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ती वाढवत नेताना काही गाठींमधलं कॅल्सिटोनिन आटलं. जनुक बंद पडलं असेल, असा सरळ अंदाज कुणीही केला असता.

पण कॅल्सिटोनिनच्या जनुकाला चिकटणारा आरएनए त्या गाठींत होताच, आणि मुबलक होता. फक्त त्याची लांबी वेगळी होती. नेहमीचा सुमारे १,००० अक्षरांचा, तर हा सुमारे १,२००चा. त्याचा क्रम वाचला तेव्हा सुरुवात हुबेहूब कॅल्सिटोनिनची निघाली आणि पुढचा भाग पूर्ण अनोळखी. त्या अनोळखी भागात एन्झाइमांनी कापायच्या खुणा होत्या, आणि त्या खुणांच्या मधे ३७ अमिनो आम्लं बसत होती. हे १९८२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्याच लांबीचा आरएनए निरोगी उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्येही मिळाला, म्हणजे गाठीतली ती केवळ विकृती नव्हती. मग प्रयोगशाळेत पेप्टाइडचा तुकडा बनवून त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केली, आणि १९८३ मध्ये तिच्या मदतीने चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतापेशींत खुद्द पेप्टाइड दिसलं. माणसातलं सीजीआरपी वेगळं काढलं गेलं ते १९८४ मध्ये, तेही अशाच थायरॉईडच्या गाठीतून.

मला यात सर्वांत आवडतं ते हे, की त्यांनी ‘कॅल्सिटोनिन आटलं’ एवढ्यावर समाधान मानलं नाही. आरएनएची लांबी मोजली.

आरएनएची नक्कल एकच, तर थायरॉईडची पेशी चौथा एक्झॉन ठेवते आणि चेतापेशी गाळते, हे ठरवतं कोण?
*– बी.एस्सी.चा विद्यार्थी, मडगाव*

कुणी एक जण ठरवत नाही. आरएनएवर जागा पटकावण्याची चढाओढ असते, आणि निकाल त्या पेशीत कोणती प्रथिनं किती आहेत त्यावर लागतो.

इंट्रॉनच्या सुरुवातीला बहुतेक वेळा जी-यू ही अक्षरं असतात आणि शेवटी ए-जी. शेवटाच्या थोडं आधी एक ‘फांदीची जागा’ असते. इंट्रॉनचं सुरुवातीचं टोक सुटलं की ते वळून याच जागेला चिकटतं आणि फास तयार होतो. ही जागा जवळजवळ नेहमी ‘ए’ या अक्षराची असते. यू-१ नावाचा कण सुरुवात ओळखतो, यू-२ फांदीची जागा ओळखतो, आणि मग बाकीचं यंत्र जमतं. खुणा ठळक असतील तर एक्झॉन चुकत नाही. फिकट असतील तर तो राहीलच याची खात्री नाही.

आपल्या चौथ्या एक्झॉनच्या अलीकडची खूण फिकट आहे. माणसात तिथे फांदीच्या जागी ‘ए’ऐवजी मुख्यतः ‘यू’ वापरला जातो, आणि तो यंत्राला सहज रुचत नाही. म्हणजे हा एक्झॉन स्वतःच्या बळावर टिकणारा नव्हे. त्याला आधार लागतो, आणि तो आधार एक्झॉनच्या पलीकडच्या इंट्रॉनमध्ये आहे. तिथे जी-यूसारखी दिसणारी एक खोटी सुरुवात आहे. यू-१ तिथे येऊन बसतो, पण प्रत्यक्षात काहीच कापलं जात नाही. त्याच परिसरात एसआरएसएफ-३ नावाचं प्रथिन बसतं, आणि ‘यू’ अक्षरांनी भरलेल्या जवळच्या पट्ट्यावर टीआयएआर नावाचं. या सगळ्यांच्या बसण्यामुळे चौथ्या एक्झॉनच्या टोकाची शेपटीची खूण वापरात येते. एकदा ती वापरली गेली की एक्झॉनला पलीकडची हद्द मिळते, आणि अलीकडची फिकट खूणही यंत्राच्या नजरेत भरते.

चेतापेशीत ‘हू’ कुळातली प्रथिनं विपुल असतात. त्यांनाही ‘यू’ अक्षरांचीच ओढ. ती त्याच पट्ट्यावर जाऊन बसतात आणि टीआयएआरला जागा उरत नाही. आधार ढिला पडतो, शेपटीची खूण वापरली जात नाही, चौथा एक्झॉन ओळखला जात नाही, आणि तिसरा पाचव्याशी जोडला जातो.

यातून एक प्रश्न निघतो, तो तुमच्याही डोक्यात आला असेल: कुठल्याही साध्या पेशीला हे जनुक दिलं तर ती काय करेल? याचा प्रयोग १९८७ मध्ये झाला. कॅल्काचं जनुक सर्वत्र चालू राहील अशा कळीला जोडून उंदरांत घातलं. ज्या ऊतींचा या जनुकाशी एरवी काही संबंध नाही, त्यांतल्या बहुतेकांनी कॅल्सिटोनिनचा रस्ता धरला, आणि सीजीआरपीचा रस्ता प्रामुख्याने चेतापेशींनी धरला. म्हणजे खूण फिकट असली तरी आधार देणारी प्रथिनं बहुतेक पेशींत असतात, त्यामुळे चौथा ठेवणं हीच सर्वसाधारण रीत. गाळण्यासाठी खटपट करावी लागते ती चेतापेशीला. ही गोष्ट लक्षात ठेवा, डिचोलीच्या प्रश्नात ती कामाला येणार आहे.

आणि हा दिव्याचा खटका नाही. सी-पेशींतही थोडं सीजीआरपी बनतंच. बदलतं ते प्रमाण.

टीटी पेशींच्या आरएनएवर आरटी-पीसीआर केलं. कॅल्सिटोनिन आणि सीजीआरपी अशा दोन पट्ट्या अपेक्षित होत्या, पण वर तिसरी एक मोठी पट्टीही आली. शिवाय सीजीआरपीची पट्टी जास्त ठळक आहे. तिथे सीजीआरपी जास्त बनतं असं प्रबंधात लिहू का?
*– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, ताळगाव*

अजून लिहू नका. टीटी ही माणसाच्या थायरॉईडच्या सी-पेशींच्या गाठीतून आलेली पेशीमालिका आहे आणि तिच्यात दोन्ही संदेश मिळतात, तेव्हा तुमची निवड चांगली आहे. इतर वाचकांसाठी सांगतो: आरटी-पीसीआरमध्ये रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम आरएनएची डीएनए नक्कल काढतं, आणि मग तिचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवतात. त्या तुकड्याची दोन टोकं ठरवणाऱ्या छोट्या साखळ्या म्हणजे प्रायमर. आधी तिसऱ्या पट्टीचं बघू.

तुम्ही लिहिलंय की पुढचा प्रायमर तिसऱ्या एक्झॉनमध्ये आहे, आणि उलटे दोन, एक चौथ्यात, एक पाचव्यात. समजा स्प्लायसिंग झालेल्या संदेशावरून चौथ्याशी १८० अक्षरांचा तुकडा येतो आणि पाचव्याशी २४०चा. मूळ डीएनए नमुन्यात राहून गेला असेल, तर तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधला इंट्रॉनही धरला जाईल आणि तुकडा बराच मोठा येईल. वरची पट्टी बहुधा हीच. ते ओळखायचा उपाय तुमच्याच जेलवर आहे: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी. तिच्यातही ती पट्टी दिसत असेल तर तो डीएनए. आरएनएवर डीएनेज चालवा आणि पुन्हा करा. त्या नळीत पट्टी नसेल, तर मात्र अजून स्प्लायसिंग न झालेला आरएनए असू शकतो. केंद्रकातला आरएनएही काढला गेला की असा मिळतो. पट्टी कापून तिचा क्रम वाचून घेतलात तर शंकाच राहणार नाही.

दुसरी अडचण पाचव्या एक्झॉनच्या प्रायमरची. अकराव्या गुणसूत्रावरच कॅल्काचं एक भावंड आहे, कॅल्कबी. त्यातून बीटा-सीजीआरपी येतं, आणि माणसात ते आपल्या सीजीआरपीहून फक्त ३ अमिनो आम्लांनी वेगळं आहे. त्यातून कॅल्सिटोनिन मिळत नाही. प्रायमर दोन्ही जनुकांत सारख्या असलेल्या जागी बसला असेल, तर तुमची ‘सीजीआरपी’ पट्टी दोन जनुकांची मिळून झालेली आहे, आणि तिच्यावरून स्प्लायसिंगचं प्रमाण काढता येणार नाही. दोन्ही क्रम एकाखाली एक मांडा, आणि प्रायमरचं तीन-प्राइम टोक जिथे अक्षर वेगळं आहे तिथे आणा.

ठळकपणाचं म्हणाल, तर ३५ फेऱ्यांनंतर दोन्ही पट्ट्या वाढायच्या थांबलेल्या असतात, त्यामुळे सुरुवातीचा फरक पुसला जातो. शिवाय दोन प्रायमर जोड्यांची कार्यक्षमता सारखी नसते, आणि लांब तुकडा रंग जास्त धरतो. फेऱ्या २४ ते २८च्या आसपास ठेवून बघा, किंवा क्यूपीसीआर करा आणि दोन्ही तुकड्यांचे ज्ञात प्रमाणातले नमुने सोबत चालवा. एवढं करूनही तुम्ही आरएनएबद्दलच बोलत असाल. ‘बनतं’ हे क्रियापद पेप्टाइडसाठी वापरायचं असेल, तर पेशींच्या माध्यमात दोन्ही पेप्टाइडं अँटीबॉडीने मोजा. मार्गदर्शकांना हे पटवायला जड जाणार नाही. परीक्षक नेमकं हेच विचारतील.

वडिलांना मूत्रमार्गाच्या संसर्गाने बांबोळीला दाखल केलं होतं. रक्ताच्या रिपोर्टवर प्रोकॅल्सिटोनिन ९ होतं, डॉक्टर म्हणाले फार वाढलंय. पण त्यांची थायरॉईड ग्रंथी सहा वर्षांपूर्वीच काढलेली आहे. मग ते आलं कुठून?
*– डिचोली*

थायरॉईडमधून नाहीच आलं. १९९३ मध्ये जिवाणू संसर्गाची खूण म्हणून हा पदार्थ पहिल्यांदा पुढे आला तेव्हाही, थायरॉईड काढलेल्या रुग्णात प्रोकॅल्सिटोनिन वाढलेलं आढळलं होतं.

निरोगी माणसात कॅल्काचं जनुक बहुतेक अवयवांत गप्प असतं. जिवाणूंचा संसर्ग रक्तात पसरला की जिवाणूंच्या भिंतीचे अवशेष आणि शरीराचे स्वतःचे दाहकारी संदेश मिळून ते अनेक ठिकाणी जागं करतात, यकृतात आणि चरबीच्या पेशींतही. या पेशी चेतापेशी नाहीत. त्यांच्यात ‘हू’ प्रथिनांची ती खटपट नाही, म्हणून त्या सर्वसाधारण रीतीने जातात: चौथा एक्झॉन ठेवतात, आणि कॅल्सिटोनिनच्या बाजूचा संदेश तयार होतो.

इथपर्यंत आलं तर रक्तात कॅल्सिटोनिन वाढायला हवं, पण वाढतं प्रोकॅल्सिटोनिन. कारण पुढची कापाकापी. पूर्वप्रथिनाचा सुरुवातीचा २५ अमिनो आम्लांचा पत्ता निघून गेला की ११६ अमिनो आम्लांचं प्रोकॅल्सिटोनिन उरतं. सी-पेशी ते लगेच बाहेर सोडत नाही. ती ते छोट्या पिशव्यांत साठवते, आणि तिथले एन्झाइम त्यातून ३२चं कॅल्सिटोनिन कापून काढतात. यकृताच्या किंवा चरबीच्या पेशीत अशी पिशव्यांची सोय नाही. तिथे बनलेलं प्रोकॅल्सिटोनिन बरंचसं न कापताच रक्तात जातं. म्हणजे वडिलांच्या रिपोर्टवरचा आकडा दोन गोष्टींनी मिळून आला: स्प्लायसिंग झालं थायरॉईडसारखं, आणि पुढची कापणी झालीच नाही.

आकड्यांचा अंदाज असा. निरोगी माणसात हे प्रति मिलिलिटर ०.१ नॅनोग्रॅमच्याही खाली असतं. ०.५च्या वर गेलं की जिवाणू संसर्गाचा संशय बळावतो, आणि २च्या वर सेप्सिसची भीती असते. म्हणून ९ला डॉक्टर ‘फार’ म्हणाले. संसर्ग आटोक्यात आला की रक्तातलं प्रमाण साधारण दिवसाला निम्म्याने उतरतं: ९, मग साडेचार, मग सव्वादोन. एका आकड्यापेक्षा ही उतरण जास्त बोलकी असते. ती तशी नसेल तर अँटिबायोटिक लागू पडत नाही की कुठे पू साठलाय, याचा शोध घेतात.

मोठी शस्त्रक्रिया, मोठी दुखापत किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार यांतही हा आकडा संसर्गाशिवाय वाढू शकतो. उलट, एका जागी कोंडलेल्या गळवात तो फारसा वाढत नाही. त्यामुळे केवळ या आकड्यावर कुणी निदान करत नाही.

वडिलांची ग्रंथी कशासाठी काढली ते तुम्ही लिहिलेलं नाही. कारण सी-पेशींची गाठ, म्हणजे मेड्युलरी कर्करोग असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या आजाराचे अवशेष राहिले असतील तर प्रोकॅल्सिटोनिन संसर्गाशिवायही जास्त येतं, आणि मग आकड्याचा अर्थच बदलतो.

अर्धशिशीसाठी मला महिन्याला सीजीआरपीविरोधी इंजेक्शन सुरू केलंय. ते आणि कॅल्सिटोनिन एकाच जनुकाचे, तर माझं कॅल्सिटोनिनही कमी होऊन हाडं ठिसूळ होतील का?
*– गृहिणी, पेडणे*

नाही. इंजेक्शनातली अँटीबॉडी पेशीच्या बाहेर काम करते. ती तयार झालेलं सीजीआरपी पकडते, किंवा सीजीआरपी जिथे जाऊन बसतं तो ग्राहक अडवते. जनुकापर्यंत किंवा स्प्लायसिंगपर्यंत तिची पोच नाही. तुमच्या थायरॉईडमध्ये चौथा एक्झॉन पूर्वीसारखाच ठेवला जातो आणि कॅल्सिटोनिन पूर्वीसारखंच बनतं.

आणि समजा कमी झालं असतं, तरी हाडांचं फार काही बिघडलं नसतं. थायरॉईड पूर्ण काढलेल्यांना थायरॉक्सिनची गोळी रोज लागते, कॅल्सिटोनिन कुणी देत नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर हाताला मुंग्या येतात, कॅल्शियम घसरतं, ते मागे चिकटलेल्या पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का बसल्यामुळे.

अर्धशिशीत ट्रायजेमिनल चेतापेशींच्या टोकांतून सीजीआरपी बाहेर पडतं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचा निरोप पुढे जातो. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना शिरेतून सीजीआरपी दिलं तर अनेकांना तसाच झटका येतो, हेही तपासलेलं आहे. या गटातलं पहिलं औषध, एरेनुमॅब, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं.

हाडांऐवजी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, बद्धकोष्ठता. आतड्यांतल्या चेतापेशींतही सीजीआरपी असतं, तिथलं बरंचसं वर सांगितलेल्या कॅल्कबी या भावंडाचं, आणि औषध दोन्हींत फरक करत नाही. दोन, रक्तदाब, कारण वाहिन्या रुंदावणारा पदार्थ आपण अडवतोय. त्रास वाटला तर पुढच्या इंजेक्शनाआधी डॉक्टरांशी बोला.

माणसाची जनुकं वीस हजारच आणि प्रथिनं लाखांत, ती सगळी स्प्लायसिंगची करामत, असं वाचलं. खरं का?
*– निवृत्त बँक अधिकारी, पणजी*

अर्धं खरं. प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत, हे बरोबर. ज्या जनुकांत एकाहून जास्त एक्झॉन आहेत त्यांतल्या सुमारे ९५ टक्क्यांत वेगवेगळ्या जोडण्या सापडतात, हेही २००८पासून माहीत आहे. पण या मोजण्या आरएनएच्या आहेत. प्रत्यक्ष प्रथिनं वस्तुमान मोजून तपासली, तर बहुतेक जनुकांचं एकच रूप ठळकपणे हाती लागतं. बाकीच्या जोडण्यांतल्या काही फार कमी प्रमाणात असतात, काही पेशी स्वतःच नष्ट करते, आणि काही निव्वळ यंत्राच्या चुका असाव्यात. किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. माझा कल ‘बऱ्याच चुका’ म्हणणाऱ्यांकडे. कॅल्कासारखी जनुकं, जिथे दोन्ही रूपं भरपूर बनतात आणि दोन्हींची कामं माहीत आहेत, ती नियम म्हणून नव्हे, चांगला पुरावा असलेली उदाहरणं म्हणून धरा.

आजीला मणक्याच्या फ्रॅक्चरनंतर नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा फवारा दिलाय. खोक्यावर ‘सामन’ असं लिहिलंय. ती श्रावण पाळते, मासा म्हटल्यावर हातच लावेना. आणि माणसाचं सोडून माशाचं का?
*– कुंभारजुवे*

आजीला सांगा, फवाऱ्यात मासा नाही. सामन माशाच्या कॅल्सिटोनिनमध्ये अमिनो आम्लांचा जो क्रम असतो, तो कारखान्यात रसायनांनी किंवा जिवाणूंकडून बनवून घेतात. हा सामन म्हणजे आपला रावसही नव्हे. इंग्रजीत रावसाला त्याच नावाने खपवतात, तरी दोन्ही मासे अगदी वेगळ्या कुळांतले.

माशाचा क्रम घेण्याचं कारण साधं आहे. तोही ३२ अमिनो आम्लांचा, पण जवळपास निम्मी वेगळी, आणि माणसाच्या ग्राहकावर तो माणसाच्या स्वतःच्या कॅल्सिटोनिनपेक्षा जास्त घट्ट आणि जास्त वेळ बसतो. मणक्याच्या ताज्या फ्रॅक्चरची वेदना कमी करायला तो थोडे दिवस देतात. वर्षानुवर्षं हाडांसाठी घेण्याचं औषध ते राहिलेलं नाही. २०१२ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी दीर्घ वापरात कर्करोगाचा धोका किंचित वाढत असल्याचं नोंदवून हा फवारा तिथून काढून घेतला. म्हणून किती आठवडे मारायचा, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.